काट्यावर उतरवलेले २३ गठ्ठे

वाळलेल्या गवताच्या गठ्ठ्यांनी ट्रक भरायचा होता आणि जवळपास काटा नव्हता. म्हणून टेप काढला. ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ३५ उंच. म्हणजे ०.१४२ घनमीटर. एका तक्त्यात दाबलेल्या गवताची घनता घनमीटरला ११० किलो मिळाली. गुणाकार केला तर गठ्ठा साडेपंधरा किलोचा निघाला.

मग ट्रकचा हौदा मोजला. साडेपाच मीटर लांब, २.२ रुंद, आणि माल २.४ मीटर उंचीपर्यंत रचता येणार होता. हौद्याच्या घनफळाला गठ्ठ्याच्या घनफळाने भागायचा मोह झाला होता, उत्तर २०४ आलं असतं. पण गठ्ठा काही पाणी नव्हे, कोपऱ्यात शिरत नाही. आडवे ठेवले तर एका थरात २४ आणि असे सहा थर, म्हणजे १४४. मग कडेवर उभे करून पाहिले, ३५ची बाजू हौद्याच्या रुंदीकडे. थरात ३६ बसले, पाच थर झाले, एकूण १८०. हिशेबाने २,८०० किलो. ट्रकला ३,००० पर्यंत माल चालत होता, त्यामुळे मी निर्धास्त.

वाटेतल्या काट्यावर माल भरला ३,४२० किलो! आधी काट्यावरच संशय घेतला. मग ३,४२०ला १८०ने भागलं, गठ्ठा १९ किलोचा आला, म्हणजे घनता १३४. तक्ता पुन्हा उघडला, तेव्हा खाली बारीक अक्षरात होतं की ११० हा आकडा ओल पूर्ण काढलेल्या गवताचा आहे. माझ्या गवतात अंदाजे १८ टक्के ओल होती. ११०ला ०.८२ने भागलं की बरोबर १३४ येतात. मी ओल गुणाकारात धरलीच नव्हती. हाताला गवत कोरडं वाटतं, पण तेवढ्या ओलीचा पत्ता हाताला लागत नाही.

२३ गठ्ठे तिथेच उतरवले. एरवी हे काम फार वाईट नसतं, पण कडेवर उभे रचलेले गठ्ठे वरून काढताना दोरी हातात येत नाही, बोटं सोलतात.

आता आकडा तक्त्यातून घेत नाही. ढिगाच्या वरचे, मधले, तळाचे असे दहा गठ्ठे लटकत्या काट्यावर तोलतो आणि सरासरी धरतो. गठ्ठे बांधणाऱ्या बेलर यंत्राच्या पेटीमुळे रुंदी-उंची ठरलेली असते, लांबी मात्र कमीजास्त होते. म्हणून त्या दहांची लांबी तेवढी मोजतो.

पुढे त्याच ट्रकमध्ये कापसाच्या गाठी भरल्या. १.४ मीटर लांब, ०.५३ रुंद, ०.७ जाड, वजन २१८ किलो. घनता ४२० च्या आसपास, गवताच्या तिप्पट. १३ गाठींतच २,८३४ किलो झाले आणि पाऊण हौदा रिकामाच. चालक म्हणाला, "दादा, अजून चार चढवा की, जागा आहे."

"जागा आहे हो, वजन नाही," म्हटलं, आणि फळका लावून घेतला.