सहा आठवडे जमिनीवर

माझी कंबर सकाळी दुखायची आणि साडेनऊपर्यंत बरी व्हायची. दीडेक वर्ष मी हे अंगावर काढलं. शाळेत दिवसभर उभी असते, वय ४६, वजन थोडं जास्त. कंबर दुखायचीच, असं गृहीत धरलं होतं. पण दिवसभर उभं राहून दुखत असेल तर ती संध्याकाळी दुखायला हवी ना? रात्रभर आडवं पडून उठल्यावर का दुखते, हा प्रश्न मला पडायला दीड वर्ष लागलं. तोही मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा. चार रात्री आईकडच्या जुन्या लाकडी पलंगावर, कापसाच्या गादीवर झोपले आणि चारही सकाळी कंबरेची आठवण झाली नाही. कराडला परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमची फोमची गादी सहा इंची, अकरा वर्षांची. वरून काही कळत नव्हतं. मग एका रविवारी यांनी गादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरली आणि मी मधोमध पट्टी उभी करून मोजलं. माझ्या बाजूला, कंबर टेकते तिथे, साडेचार सेंटीमीटर खड्डा. यांच्या बाजूला तीन. मी रोज रात्री झोळीत झोपत होते.

नवीन गादी घ्यायची तर पंधरा-वीस हजार. त्याआधी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच औषध सांगितलं: सरळ जमिनीवर झोप, पाठ फळीसारखी सरळ होईल. पूर्वी डॉक्टरही पाठदुखीवाल्याला फळीवर झोपायला सांगायचे, त्यामुळे मलाही ते पटलं. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी फरशीवर प्लास्टिकची चटई, तिच्यावर सतरंजी आणि एक चादर टाकून झोपले. सहा आठवडे करून बघायचं ठरवलं. कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन आकडे लिहायचे, उठल्यावरचं दुखणं दहापैकी किती आणि संध्याकाळचं किती. फोमवरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळचा आकडा सहाच्या आसपास होता, संध्याकाळचा तीन-चार.

पहिले तीन दिवस सगळंच अंग दुखलं, ते सोडून देते. चौथ्या दिवसापासून मजा अशी झाली, की उताणी झोपले तर कंबर खरोखर हलकी वाटायची. पण मी उताणी फार वेळ झोपतच नाही. झोपेत डाव्या कुशीवर वळते. आणि कुशीवर वळलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूला जे हाड लागतं ते फरशीवर टोचायचं. रात्री दोन-तीनदा जाग, हाताला मुंग्या. आठवड्याअखेर कंबरेचा आकडा पाच झाला होता आणि खुब्याचा, जो आधी नव्हताच, तो सात.

नवव्या दिवशी सकाळी उसण भरली. उठले, तशीच वाकून, गुडघे न वाकवता, चटई-सतरंजीची वळकटी करायला गेले आणि कंबरेत अशी चमक आली की वळकटीवरच हात टेकून उभी राहिले. ना वर होता येईना ना खाली. सासूबाईंनी निकाल दिला, ‘जमिनीनं घात केला.’ मलाही तसंच वाटलं.

डॉक्टरांनी तपासलं. उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, पायाची बोटं वर ओढायला लावली, बधिरपणा आहे का, लघवीवर ताबा आहे ना, हे विचारलं. पायात ताकद कमी असती, किंवा मांड्यांच्या मध्ये बधिर झालं असतं, लघवी अडली असती, तर ते काम गादी-चटईचं नव्हे, त्याच दिवशी इस्पितळात जायचं, असं ते म्हणाले. माझं तसलं काही नव्हतं. एक्स-रे नको म्हणाले, गोळ्या तीन दिवसांच्या दिल्या आणि झोपून राहू नका, घरातल्या घरात चालत राहा, असं बजावलं. पुढे फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ही मुलगी तिशीच्या आतली, पण तिने पहिल्या पंधरा मिनिटांत माझा सगळा घोळ उलगडला. ‘ताई, उठल्याबरोबर तुम्ही पहिलं काय करता?’ अंथरूण गुंडाळते. ‘तेच तर.’ मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभर दबून पाणी सोडतात आणि रात्री आडवं पडलं की पुन्हा पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यापासून पहिला तासभर कंबरेतून वाकणं टाळायचं. पलंगावर झोपणाऱ्याला हे सहज जमतं. जमिनीवर झोपणारा मात्र नेमका त्याच वेळी दोनदा वाकतो, एकदा स्वतः उठताना आणि एकदा अंथरूण उचलताना. म्हणजे उसण फरशीने भरली नव्हती, वळकटीने भरली होती.

उठायचं कसं तेही तिने करून दाखवलं. आधी कुशीवर वळायचं, हाताने रेटा देत हातापायांवर यायचं, मग एक पाय पुढे रोवून त्या गुडघ्यावर हात टेकत उभं राहायचं. उताण्या स्थितीतून पोटाच्या जोरावर उठून बसायचं नाही. अंथरूण नऊ वाजता हे उचलतील, असं घरी ठरलं. (उचलतात. कुरकुरत.)

आता खुब्याचं काय? तिने मला टेबलावर उताणं झोपवलं आणि कंबरेखालून हात घालायला सांगितलं. हात आरपार, सहज गेला. ‘याचा अर्थ हे तुमच्यासाठी जास्त कडक आहे. हात जातच नसेल तर जास्त मऊ. थोडा रेटून गेला तर बरोबर.’ आणि कुशीवरचं बघायला घरी टिकल्या लावून फोटो काढा म्हणाली.

त्या रात्री आमच्याकडे जे झालं ते बघून आमच्या लेकीने हसून हसून पोट धरलं. मानेच्या खालच्या उंच हाडापासून माकडहाडापर्यंत मणक्यावर एकेक टिकली, लाल, मोठी, एकूण नऊ. मी डाव्या कुशीवर आणि हे मागून मोबाईल घेऊन. आधी फोमवर फोटो काढला. टिकल्यांची ओळ खांद्यापासून निघून कंबरेनंतर खाली घसरलेली, कारण खुबा खड्ड्यात गेलेला. मग फरशीवर. इथे उलटं. खांदा आणि खुबा दोन्ही जमिनीने वर धरलेले, मध्ये कंबर लोंबकळलेली. ओळ कंबरेशी खाली झुकून माकडहाडाकडे परत वर चढलेली. म्हणजे फोमवर कणा एका तऱ्हेने वाकडा आणि फरशीवर दुसऱ्या. रुंद खुब्याच्या बाईला हे जास्त होतं. यांचा फोटो काढला तर यांची ओळ फरशीवरही बऱ्यापैकी सरळ. हे एरवीही उताणेच झोपतात, म्हणून फरशी यांना कधी बाधली नाही आणि म्हणून मला शहाणपण शिकवत होते.

मग एकेक थर वाढवत गेलो. सतरंजीवर एक गोधडी टाकली, फोटो, फरक थोडा. दुसरी गोधडी टाकली, तेव्हा खुबा आणि खांदा जरासे रुतले आणि टिकल्या जवळजवळ एका रेषेत आल्या. कंबरेखालून हात घातला तर रेटून जात होता. उशी मात्र बदलावी लागली. मऊ गादीत खांदा आत जातो, त्यामुळे चपटी उशी पुरते. कडक जागी खांदा वरच राहतो आणि डोकं खाली लटकतं. कुशीवर झोपताना मी उशीवर टॉवेलची घडी वाढवली, दोन गुडघ्यांमध्ये जुनी उशी घेतली. उताणी असले की तीच गुडघ्यांखाली.

तिसऱ्या आठवड्यात सकाळचा आकडा चारवर आला, सहाव्यात दोनवर, खुबा शून्य. संध्याकाळचा आकडा मात्र सहाही आठवडे तीन-चारच राहिला. तो कशावर झोपते याने हललाच नाही. तो पेपर तपासायला मांडी घालून पुढे वाकून बसण्याचा होता, त्याचा इलाज वेगळा. कोणी मला विचारलं तर मी आधी हेच विचारते: उठल्यावर दुखतं आणि हिंडल्याफिरल्यावर अर्ध्या तासात मोकळं होतं का? दुसरीकडे झोपल्यावर बरं वाटतं का? दोन्हीला हो असेल तर अंथरुणाकडे बघा. पण वय चाळिशीच्या आत, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त, कुठेही झोपलं तरी तोच, आणि पहाटे दुखण्याने जाग येते, असं महिनोन्महिने चाललं असेल तर चटई-गादीचे प्रयोग थांबवून संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं.

फिजिओने एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, २००३ साली लॅन्सेटमध्ये आलेला. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना ९० दिवस कडक किंवा मध्यम कडक गादी दिली होती आणि मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. अर्थात तिथे गादीची तुलना गादीशी होती, फरशीवर कोणी झोपलेलं नव्हतं. तरी ‘जितकं कडक तितकं चांगलं’ या समजाला तेवढं पुरे.

माझं बघून सासूबाईंनीही एक रात्र खाली अंथरूण टाकलं. वय ७४, गुडघे गेलेले. पहाटे बाथरूमला जायला उठता येईना, हाक मारायचा संकोच वाटला, तशाच पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना परत पलंगावर बसवलं. त्या वयात खाली झोपण्याचा धोका पाठीला नाहीच, उठताना पडण्याचा आहे.

आणि मीही आता जमिनीवर नाही. जुलैत चटई उलटून पाहिली तर खालून काळे ठिपके, बुरशीचा वास. अंगाची ऊब वरून आणि गार फरशी खालून, मध्ये दमट. मग पिंजाऱ्याकडून नऊ किलो कापसाची तीन फुटी गादी भरून घेतली आणि ती फळ्यांच्या दिवाणावर टाकली. दोन गोधड्यांवर टिकल्या जशा आल्या होत्या तशाच तिच्यावर आल्या. फोमची गादी भंगारवाल्याने फुकट नेली, तीही दोन मजले उतरवून देण्याच्या बोलीवर.

कापूस दबतो, हे त्याचं वाईट. महिन्यातून दोनदा गच्चीवर ऊन देते, उलटसुलट करते. दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा सुतळी ताणली: एक सेंटीमीटर. पिंजाऱ्याचा नंबर फ्रीजवर लावून ठेवला आहे.