चिकनची बाजू, कांद्याची बाजू

तक्रार मटणाची होती. एका ऑफिसातल्या मंडळींनी दुपारी खानावळीत काळं मटण आणि कडक भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातल्या जवळपास निम्म्यांना मुरडा, जुलाब, ताप. खानावळीचे मालक, ज्यांना सगळे अण्णाच म्हणतात, त्यांचा आमच्या प्रयोगशाळेत फोन आला : "मॅडम, मटणाचं तपासून द्या की." मी तिथे सूक्ष्मजीवांच्या तपासणीचं काम बघते. मटण अर्थातच कधीचंच संपलेलं होतं.

मी कोणी काय खाल्लं ते विचारलं. अण्णांच्या मुलाने गिऱ्हाइकांना फोन करून यादी काढली, आणि त्या यादीतच निम्मं उत्तर होतं. सगळ्यात जास्त त्रास झालेल्या बाई शाकाहारी होत्या. त्यांनी भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी आणि कांदा-काकडी-लिंबाची ताटली एवढंच घेतलं होतं. उलट ज्यांनी मटण दोनदा मागून घेतलं पण कच्चा कांदा खातच नाहीत, ते गृहस्थ ठणठणीत होते. दोन माणसांवरून निकाल लागत नाही हे खरं. पण दीड-दोन तास रटरटलेल्या आणि गरमागरम वाढलेल्या रश्श्यापेक्षा चिरून ताटलीत मांडलेल्या काकडीवर संशय घेणं मला जास्त पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. अशा वेळी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. दुकानातून येणारं मटण आणि चिकन तिथेच तुकडे होऊन येतं, त्यामुळे खाटकाच्या ओंडक्याचा प्रश्न नव्हता. पण चिकन चिलीसाठी लागणारं बोनलेस ते स्वतः कापत. पांढरा प्लास्टिकचा जाड बोर्ड, त्यावर चिकनच्या छातीचे तुकडे करणारा पोरगा. ते झाल्यावर त्याने बोर्डवर पाणी मारलं, साबणाचा काथ्या फिरवला, बोर्ड उलटा केला आणि कांदे घेतले.

मी अण्णांकडे पाहिलं. ते अभिमानाने म्हणाले, "वेगळंच ठेवलंय मॅडम. एक बाजू चिकनची, एक बाजू कांद्याची. आधी लाकडाचा होता, लोकं म्हणले लाकडात जंतू ऱ्हातात, म्हणून प्लास्टिकचा आणला."

ओट्यावर चिकनचं गुलाबी पाणी सांडलं होतं. चिकन कापताना बोर्डची खालची, म्हणजे 'कांद्याची' बाजू त्याच पाण्यात टेकलेली होती. उलटा केल्यावर चिकनची बाजू ओट्यावर आणि ओल्या ओट्याची बाजू वर. एका बोर्डला दोन बाजू असल्या तरी कच्च्या मांसापुरता तो एकच बोर्ड असतो, हे त्यांना दाखवायला मी ओट्यावर हळद कालवलेलं पाणी ओतून त्यावर बोर्ड ठेवला आणि उचलून त्यांच्यापुढे धरला. समजवायला आणखी काही लागलं नाही.

पण दुसरा मुद्दा लाकूड की प्लास्टिक हा होता, आणि तो हळदीने सुटणारा नव्हता. बोर्डवरून बोट फिरवलं तर सुरीच्या चिरांचं जाळं लागत होतं आणि धुतल्यानंतरही हात तेलकट होत होता. कारण धुण्याचं पाणी गार होतं आणि एकाच घमेल्यातलं होतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा वाहत्या पाण्याखाली धुवा असं सांगणं सोपं आणि पाळणं अवघड. शेजारी ब्लीचच्या पाण्याची बादली होती. सकाळी कालवली की रात्रीपर्यंत तीच. मी त्यात क्लोरीन मोजायची कागदी पट्टी बुडवली, रंग बदललाच नाही. क्लोरीन चरबी, रक्त, कांद्याचा रस अशा सगळ्याशी भिडतं आणि त्यातच संपून जातं. दुपारपर्यंत त्या बादलीत नुसतं घाण पाणी उरलेलं असतं आणि बुडवणाऱ्याला मात्र वाटतं की आपण जंतू मारले.

अण्णांकडे जुना लाकडी बोर्ड माळ्यावर होता. तो आणि वापरातला प्लास्टिकचा, असे दोन्ही मी प्रयोगशाळेत घेऊन आले आणि बाजारातून प्लास्टिकचा एक कोरा बोर्डही आणला. तिन्हींवर दुकानातल्या कच्च्या चिकनचं सुटलेलं पाणी सारखंच फासलं, थोडा वेळ थांबले आणि मग तो पोरगा धुतो तसेच, साबण लावून गार पाण्यात, तिन्ही धुतले. नंतर १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनातून ओला स्वॅब घासून घेतला. आतड्यात राहणाऱ्या जातीचे जंतू ज्यावर गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांसारखे वाढतात, त्या माध्यमाच्या प्लेटवर लावून ३७ अंशांवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या प्लास्टिकच्या प्लेटवर तुरळक ठिपके होते. चिरा पडलेल्या प्लास्टिकची प्लेट मोजता येणार नाही इतकी भरलेली. लाकडाची कोऱ्या प्लास्टिकच्या बरोबरीची. अण्णा आणखी एका दिवसाने निकाल बघायला आले, ते एकदम खुलले. "म्हणजे लाकूडच बरं होतं म्हणा की! उगाच पैसे घातले."

इथेच लोक फसतात, म्हणून मी त्यांना दुसऱ्या प्लेटा दाखवल्या. लाकडात उभ्या बारीक नळ्यांची मोळी असते. ओलावा त्या आत ओढून घेतात आणि त्याबरोबर जंतूही आत जातात. वरून स्वॅब फिरवला की तो वरचेच उचलतो. म्हणून मी निर्जंतुक ब्लेडने त्याच लाकडाचा पातळ थर खरवडून, द्रवात हलवून वेगळा लावला होता. धुतल्या धुतल्या खरवडलेल्या भुशात जंतू चांगलेच सापडले. तोच बोर्ड रात्रभर उभा करून कोरडा केल्यावर खरवडला तेव्हा मोजकेच उरले होते. आणि बोर्डच्या एका टोकाला उभी भेग होती, तिच्यातून घेतलेला नमुना मात्र दोन्ही वेळा भरलेला.

हा शोध माझा नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि नेशे आक यांनी यावर काम केलं आणि ते १९९४ मध्ये छापून आलं. गंमत अशी की ते लाकूड चांगलं ठरवायला निघालेच नव्हते. घरातला लाकडी बोर्ड प्लास्टिकइतका सुरक्षित कसा करता येईल, हे शोधायचं होतं. साल्मोनेला, लिस्टेरिया आणि ई. कोलायचा एक घातक प्रकार असे आजारी पाडणारे जंतू त्यांनी दोन्हींवर टाकून पाहिले. नवं प्लास्टिक हाताने सहज साफ झालं. सुरीने चिरलेलं, चिकनच्या चरबीने माखलेलं प्लास्टिक हाताने धुऊन नीट साफ होईना. लाकडात जंतू आत जात, पुन्हा वर येत नसत आणि हळूहळू मरत. याच्या विरुद्ध म्हणणारे संशोधकही आहेत. लाकडातून जंतू पूर्ण काढता येत नाहीत, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. माझ्या खरवडलेल्या भुशातही ते दिसलेच होते. माझं मत विचाराल तर लाकडाची खरी ताकद लाकडात नाही, कोरडं होण्यात आहे. सोलापूरच्या एप्रिलमध्ये उभा ठेवलेला बोर्ड बघता बघता सुकतो. पावसाळ्यात, ओल्या ओट्यावर आडवा पडलेला, भेगाळलेला लाकडी बोर्ड हा चिरा पडलेल्या प्लास्टिकपेक्षा जराही बरा नाही.

मग अण्णांना काय सांगायचं? कच्च्या मांसाला मी प्लास्टिकच सांगितलं, कारण दिवसातून अनेकदा वापरायचा बोर्ड सुकायला वेळच मिळत नाही. शिवाय प्लास्टिकवर कडक गरम पाणी ओतता येतं आणि चिरा पडल्या की फेकून देताना जीव तुटत नाही. नखाला चीर अडकायला लागली की बोर्ड गेला, एवढीच खूण पोराला शिकवली. लाल रंगाचा कच्च्या चिकन-मटणाला, हिरवा कांदा-काकडीला. मोठ्या हॉटेलांत मासे, शिजलेलं मांस, पाव असे आणखी रंग असतात. इथे दोन पुरे होते. लाल बोर्ड ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, मोरीच्या बाजूला, आणि कांदा-काकडी सकाळी चिकन यायच्या आधी चिरून झाकून ठेवायची. माळ्यावरचा लाकडी बोर्ड भेगेमुळे टाकायला लावला. ते अण्णांना लागलं, सागाचा होता. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "मी घरी इळीवर चिरते, मला ह्यातलं कायच नको."

पाण्याचा हिशेबही बसवला. आधी बोर्डवरचे कण खरवडून कचऱ्यात, मग तांब्याभर गरम पाणी आणि साबण घासून चरबी काढायची, मग थोड्या स्वच्छ पाण्याने साबण घालवायचा. चरबी गेली की नाही ते बोट फिरवून कळतं. त्यानंतरच ब्लीच : चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, साधारण १५ मिली, बिनवासाचं. बोर्ड त्यात काही मिनिटं भिजू द्यायचा, स्वच्छ पाण्याने खळबळून उभा करून सुकवायचा, फडक्याने पुसायचा नाही. दिवसभराच्या एका बादलीऐवजी लहान टोपात दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा ताजं कालवायचं. पाणी काही जास्त लागलं नाही.

त्या ऑफिसातल्या लोकांना नेमकं काय झालं होतं, ते मी लेखी देऊ शकले नाही. कोणाच्याच शौचाची तपासणी झालेली नव्हती आणि त्या दिवशीची काकडीही उरली नव्हती. दुपारचं जेवण आणि दुसऱ्या संध्याकाळचा ताप, हे अंतर साल्मोनेलाला बसतं. अहवालात मी 'शक्यता' एवढाच शब्द ठेवला. अण्णांना तो कमी वाटला.

काही आठवड्यांनी पुन्हा स्वॅब घ्यायला गेले. लाल बोर्ड धुतल्यावर जवळपास स्वच्छ, हिरवा स्वच्छ. पण हिरव्या बोर्डवरच्या चिरलेल्या काकडीची प्लेट पुन्हा गुलाबी झाली. मग परत सकाळी नऊला जाऊन उभी राहिले. पोरगा लाल बोर्डवर चिकन कापत होता, इतक्यात काउंटरवरून लिंबू मागितलं गेलं. त्याने हिरवा बोर्ड ओढला, आणि हातातल्या त्याच सुरीने लिंबू कापलं. सुरी एकच होती. त्या दिवशी दुसरी सुरी आणली, चिकनच्या सुरीच्या मुठीला लाल टेप गुंडाळली, आणि मधे हात धुवायला मोरीजवळ साबण टांगला.