आमची वाटचाल : बोर्ड खोटा ठरला ते दिवस

घाऊक वितरकांसाठी साठा आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करणारी आमची लहानशी संस्था आहे. पहिली बरीच वर्षे सुरळीत गेली, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मात्र आमच्या मोडकळीस येण्याविषयी बाहेर जे सांगितले जाते, ते अर्धवट आहे. त्यात आमचे प्रतिस्पर्धी फार हुशार ठरतात आणि आम्ही कामचुकार ठरतो, म्हणून हा मजकूर मी स्वतः लिहीत आहे.

माझे पहिले भागीदार आणि मी कामाला सुरुवात केली तेव्हा कोणते काम कुठवर आले ते दाखवणारा आमचा बोर्ड भिंतीवर होता. पांढरी फळी, तिच्यावर काळ्या चिकटपट्टीने आखलेले चार रकाने आणि पिवळ्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात भागीदार पेन्सिलीने एक बारीक तारीख टाकत असत, आणि ती चिठ्ठी लिहिल्याची नसून त्या रकान्यात आल्याची असे. चिठ्ठी पुढे सरकली की जुनी तारीख खोडायची आणि नवी लिहायची. त्या वेळी मला हा वेळेचा अपव्यय वाटे. त्या तारखेची किंमत मला पुढे कळली.

माणसे वाढली तेव्हा आम्ही जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आलो, चिठ्ठ्यांची जागा पडद्यावरच्या कार्डांनी घेतली आणि मांडणीसाठी एका सल्लागार संस्थेला बोलावले. त्यांनी चारांचे अकरा रकाने केले आणि कार्ड पुढे नेताना सात तपशील भरल्याखेरीज ते सरकणार नाही, अशी व्यवस्था केली. कागदावर ती देखणी होती. पण प्रोग्रामरच्या बाजूने पाहिले, तर कार्ड सरकवण्याचा त्रास त्याला होता आणि त्याचा लाभ दुसऱ्याच कोणाला. परिणामी कार्डे जागच्या जागी राहू लागली आणि सोमवारच्या बैठकीपूर्वी घाईने एकगठ्ठा पुढे ओढली जाऊ लागली. ही गोष्ट कार्डाच्या इतिहासात स्वच्छ दिसते. बहुतेक हालचाली एकाच सकाळच्या काही मिनिटांत नोंदलेल्या असतील, तर तो बोर्ड आठवड्यातून एकदाच खरा असतो असे समजावे. अशा नोंदींवर काढलेले कामाच्या कालावधीचे आलेखही निरर्थक असतात, कारण काम कधी संपले हे त्यांत येत नाही, ते कधी ओढले गेले एवढेच येते.

विश्वास एका दिवसात गेला नाही. प्रथम कोणीतरी बोर्डावर ‘In Progress’ वाचूनही संबंधिताला चॅटवर विचारले, “हे खरंच चालू आहे ना?” उत्तर आले की ते काम केव्हाच झाले आहे. पुढच्या वेळी त्याने बोर्ड उघडलाच नाही, थेट विचारले. आता उत्तर चॅटवरच मिळते म्हटल्यावर कार्ड सरकवण्याचे उरलेसुरले कारणही संपले, आणि कार्डे जितकी शिळी होत गेली तितकी चॅटवरची विचारणा वाढत गेली. चाचणी पाहणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी स्वतःची वही घातली. एकाने आपली वेगळी एक्सेल शीट केली. रोजच्या सकाळच्या उभ्या बैठकीत “बोर्डावर काय आहे ते सोडा, मी सांगतो” अशी सुरुवात होऊ लागली. हे वाक्य तुमच्याकडे ऐकू येत असेल, तर बैठक तिथेच थांबवावी, असा माझा न मागितलेला सल्ला आहे.

आमच्यावर घाला घातला तो परतीच्या मालाच्या क्रेडिट नोटने. परत आलेल्या मालाला मूळ बिलातला दर लावायचा असतो, पण आमचा प्रोग्रॅम दरपत्रकातला चालू दर उचलत होता. दुरुस्ती लिहून झाली होती, मात्र मालाचा काही भागच परत आला तर बिलावरची सूट कशी वाटायची, असा प्रश्न तपासणाऱ्याने काढला आणि ती थांबली. सोमवारच्या एकगठ्ठा ओढाओढीत तिचे कार्डही इतरांबरोबर ‘Done’ मध्ये गेले. बाईंच्या वहीत ‘प्रलंबित’ अशी नोंद होती, पण ती वही त्यांच्या खणात होती. ग्राहकसेवेतल्या मुलाने, ज्याला बोर्डाखेरीज दुसरे काही दिसतच नव्हते, आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाला दुरुस्ती नव्या आवृत्तीत आल्याचे कळवले. नुकतेच दर वाढलेले असल्याने त्यांच्याकडून महिनाभर वाढीव दराने क्रेडिट नोटा निघाल्या आणि तेवढे पैसे त्यांच्या खिशातून गेले.

त्यांनी हिशेब जुळेपर्यंत आमचे देणे रोखले, आणि ते योग्यच होते. त्याच सुमारास एका प्रतिस्पर्धी संस्थेने त्यांना गाठून, आमच्याच माणसांना आमची कामे ठाऊक नसतात, असे सांगितले आणि हाच निरोप आमच्या आणखी दोन ग्राहकांपर्यंत पोचवला. ते दोघे गेले. पगार भागीदारांच्या ठेवीतून झाले. ते सर्वांत जुने ग्राहक मात्र टिकले. ते मला एवढेच म्हणाले, “बोर्ड मला दाखवू नका. दर शुक्रवारी काय झालं, काय नाही, ते तुमच्या सहीनं पाठवा.”

ती यादी करायला बसलो तेव्हाच बोर्डाची खरी दुरुस्ती सुरू झाली. एका दुपारी सर्वांना बसवून प्रत्येक कार्ड उजवीकडून डावीकडे, म्हणजे संपत आलेल्या कामापासून, वाचले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : हे आत्ता ग्राहकाच्या यंत्रावर चालते का? ज्यांचे उत्तर कोणालाच देता आले नाही, ती कार्डे बंद केली. रकाने पुन्हा चारांवर आणले आणि ‘Done’ चा अर्थ ‘ग्राहकाकडे चालू’ एवढाच ठेवला. सक्तीचे तपशील काढून टाकले. कोड मुख्य शाखेत मिसळला की कार्ड आपोआप चाचणीच्या रकान्यात जावे, असा नियम लावला, म्हणजे प्रोग्रामरला वेगळे काही करावे लागत नाही. चॅटवर कामाची स्थिती विचारली तर उत्तर कार्डावर लिहायचे आणि चॅटवर त्याचा दुवा द्यायचा, हेही ठरले. पहिले काही आठवडे याचा सर्वांना वैताग आला.

भागीदारांची पेन्सिलीची तारीख या टप्प्यावर परत आली. शिळी कार्डे शोधण्यासाठी बहुतेक जण `updated` ही शेवटच्या बदलाची वेळ पाहतात, पण कोणी नुसता शेरा लिहिला किंवा लेबल बदलले तरी ती वेळ नवी होते आणि महिनाभर अडकलेले कार्ड ताजे दिसते. मोजायचे ते स्थिती बदलल्यापासून :

```
statusCategory = "In Progress" AND NOT status CHANGED AFTER -5d
```

या शोधात जी चालू, पण पाच दिवसांत न सरकलेली कार्डे येतात, रोजच्या बैठकीत प्रथम त्यांच्याविषयीच बोलणे होते. विचारणा कार्डाविषयी असते, माणसाविषयी नाही. नाहीतर पुन्हा भीतीपोटी ओढाओढ सुरू होते. बाईंनी वही लगेच टाकली नाही. त्या बराच काळ वही आणि बोर्ड ताडून पाहत होत्या आणि मी त्यांना एकदाही थांबवले नाही, कारण फरक दाखवणारे दुसरे कोणी आमच्याकडे नव्हते.

आपोआप सरकणाऱ्या कार्डांनी सर्व काही सुटते असे नाही. ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबलेले काम कोडमध्ये कुठेच दिसत नाही, त्यामुळे तिथे माणसालाच हाताने अडथळ्याची खूण लावावी लागते आणि कोणाची वाट पाहतो आहोत ते लिहावे लागते. सध्या खूण लावलेल्या कार्डांपैकी दोन त्या जुन्या ग्राहकांचीच आहेत. शुक्रवारची यादी अजूनही माझ्या सहीने जाते, तिच्यात ही दोन्ही कामे ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ म्हणून सर्वांत वर असतात, आणि ते दर वेळी फोन करून त्याबद्दल कुरकुर करतात.