पाठ केलेले उत्तर

रात्री ९ वाजता फोनने नेहमीप्रमाणे ‘इंग्रजी, मोठ्याने’ अशी आठवण करून दिली. मी अंगणात जाऊन ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ या प्रश्नाचे उत्तर म्हणू लागले. नाव, शिक्षण, वाचनालयातील काम, आवड, हा क्रम ओठांवर बसला आहे. ताई दारात उभी राहून ऐकत होती आणि शिक्षणावरून मी कामाकडे वळत असतानाच तिने इंग्रजीतच विचारले, की मध्ये एक वर्ष शिक्षण का थांबले होते.

मी ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणाले आणि थांबले. चूक कळली होती, पण पुढचे काहीच आठवेना. ताई हसली नाही, याचेच अधिक वाईट वाटले. घरात कारण सर्वांना ठाऊक आहे. ते इंग्रजीत सांगण्याची वेळ येईल, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हते. एवढे दिवस मी बोलण्याचा सराव करते आहे असे समजत होते, आणि प्रत्यक्षात एकच उत्तर अधिकाधिक गुळगुळीत करत होते. गावात इंग्रजी बोलायला आहेच कोण, असे म्हणून थोडी रडलेही.

नंतर फोनमध्ये ध्वनिमुद्रित केलेली जुनी उत्तरे लागोपाठ ऐकली. त्या सर्वांत श्वाससुद्धा त्याच जागी घेतलेला आहे. आज अडखळलेल्या वाक्याचे कारणही जरा उलगडले. मराठीत ‘मी गेले नाही’ म्हणताना ‘गेले’ तसेच राहते, म्हणून माझ्या तोंडून ‘वेंट’ आले; इंग्रजीत ‘डिड’ने भूतकाळ सांगून टाकलेला असतो, पुढे साधे ‘गो’ पुरते. हा नियम मला लिहिताना येतो. बोलताना मात्र तो आठवायला सवड मिळत नाही, आणि पाठांतरात त्याची गरजच पडत नाही.

फोनला दोष देण्यात अर्थ नाही. तो वेळ सांगतो, काय बोलावे ते मीच ठरवले होते. म्हणून आठवणीतला मजकूर बदलला आहे. आता रोज वेगळा प्रश्न असेल, ‘आज काय केले नाही?’ किंवा ‘वाचनालयात कोणाशी वाद झाला?’ असा, आणि कागद न पाहता दोन मिनिटे बोलायचे. बोलून झाल्यावर ऐकून एकच चूक निवडायची आणि तेवढेच वाक्य पुन्हा म्हणायचे, कारण सगळ्याच चुका धरायला गेले तर तोंडच उघडत नाही.

‘आज काय केले नाही’ला लगेच उत्तर दिले. ‘आय डिड नॉट गो एनीव्हेअर’ नीट आले, पुढचे वाक्य घसरले. सोमवारी मुलाखत आहे. तोवर मला वाटेल तिथे अडवण्याची मुभा ताईला दिली आहे, आणि ती तिने फारच आनंदाने घेतली, हे मला जरा खटकलेच.