'12 वाजता येतो' असं आम्ही आता का लिहीत नाही

होटगी रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आम्हाला मेसेज बदलायला लावला तो मात्र त्याच ऑफिसने, म्हणून सगळं लिहून काढते. घरोघरी जाऊन काम करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आमचं एसी सर्व्हिसिंगचं काम आहे. मिस्टर आणि एक मुलगा घरोघरी जातात, फोन, वेळा आणि मेसेज मी बघते. मार्चपासून सोलापुरात ऊन पेटलं की दिवसात तीन घरं लागतात. या लाइनीत सगळे लिहितात तसाच आमचाही मेसेज असायचा: 'उद्या 12 वा. माणसं येतील.' नेहमीच्या गिऱ्हाइकांना वीस मिनिटं इकडेतिकडे चालायची.

या सोसायटीत चालत नव्हती. तिथला नियम असा, की फ्लॅटवाल्याने आमचा मेसेज ऑफिसला पाठवायचा, ऑफिस त्यातली वेळ गेटवरच्या वहीत लिहिणार आणि त्या वेळेला माणूस आला तरच आत सोडणार. आमची माणसं जुळे सोलापूरचं काम उरकून 12:25 ला गेटवर पोचली. वॉचमन म्हणाला, "12 ची नोंद आहे, ती गेली. ऑफिसातून नवी करून आणा." ऑफिसातले साहेब म्हणाले, "फ्लॅटवाल्यांचा नवीन मेसेज लागेल." फ्लॅटमधल्या काकू फोन उचलेनात, कारण 12 पासून वाट बघून त्या देवपूजेला बसल्या होत्या. पोरगा शिडी धरून उन्हात उभा.

नोंद झाली, तर लिफ्टचा प्रश्न. शिडी नेहमीच्या लिफ्टमधून न्यायची नाही, मागच्या लिफ्टची किल्ली ऑफिसात, आणि किल्ली हवी तर वेगळ्या वहीत सही. तेवढ्यात ऑफिसची जेवणाची सुट्टी झाली. साहेब डबा उघडून बसले आणि तिथूनच म्हणाले, "तुम्ही 12 चं सांगितलं होतं ना, तेव्हा किल्ली काढून ठेवली होती." मी फोनवर तावातावाने बोलले, त्याचा काही उपयोग झाला नाही. काकूंच्या घरात पंप सुरू झाला तेव्हा पावणेदोन वाजले होते, आणि शेळगीची ताई 'दोनला येणार ना?' असं विचारत होती.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा मी त्या साहेबांना सरळ विचारलं, "वहीत एका वेळेऐवजी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहिता येतं का?" ते म्हणाले, "मेसेजमध्ये असेल तर येतं. आम्ही मेसेज उतरवून घेतो." एवढं साधं होतं, पण आपणहून कुणी सांगितलं नाही!

मग मी वही घेऊन बसले. दिवस सुरू होतो जुळे सोलापुरात, माणसं पोचतात 9:45 ते 10 मध्ये. दोन स्प्लिट एसी आहेत. शिडी लावायची, एसीखाली जॅकेट बांधायचं, पंपाचा पाइप बादलीत सोडायचा, बोर्ड शोधून वायर ओढायची, एमसीबी पाडायचा, याला वीस मिनिटं. फिल्टर, कॉइल, ब्लोअर, ड्रेनचा पाइप आणि बाहेरचं युनिट धरून एका एसीला पाऊण तास, म्हणजे दोनाला दीड तास. शेवटी एसी चालवून गारवा बघायचा आणि फरशी पुसून सामान भरायचं, त्याला आणखी वीस मिनिटं. माणसं 9:45 ला पोचली तर 11:55 ला मोकळी होतात, 10 ला पोचली तर 12:10 ला. तिथून होटगी रोडला शिडीसकट जायला वीस मिनिटं. म्हणजे 12 वाजता पोचणं कागदावरसुद्धा शक्य नव्हतं. 12:15 ते 12:30 हे खरं उत्तर, आणि आसरा चौकात अडकलं तर म्हणून वर पंधरा मिनिटं.

काकूंना गेलेला मेसेज असा:

'उद्या मंगळवार. आमची माणसं 12:15 ते 12:45 दरम्यान पोचतील. शिडी-पंप लावायला 20 मिनिटं, दोन एसींच्या कामाला दीड तास, ट्रायल आणि आवराआवरीला 20 मिनिटं. अडीच ते तीनच्या दरम्यान मोकळे होऊ. एसीखालचं सामान सरकवून ठेवा, चार बादल्या पाणी भरून ठेवा. मागच्या लिफ्टची किल्ली लागेल.'

ऑफिसने तो जसाच्या तसा वहीत उतरवला आणि किल्ली गेटवरच ठेवली. मला खरंच हायसं वाटलं.

चार बादल्यांचं मुद्दाम लिहिलंय. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि साठवलेलं पाणी ऐन वेळी मागितलं की घरातली बाई वैतागते, ते बरोबरच आहे. पाणी शोधण्यात दहा मिनिटं गेली की वीस मिनिटांची मांडामांड अर्ध्या तासाची होते.

प्रवास आणि मांडामांड यांचा वेळ मी मेसेजमध्ये वेगवेगळा लिहिते, एकाच आकड्यात मिसळत नाही. प्रवास रोज कमीजास्त होतो, म्हणून त्याला 'इथपासून इथपर्यंत' लागतं. मांडामांड एका घरात बहुतेक तेवढाच वेळ खाते, म्हणून तिथे सरळ मिनिटं लिहायची. ते लिहिलं नाही तर माणूस घरात शिरल्या क्षणापासून गिऱ्हाईक काम मोजायला लागतं आणि 'अर्धा तास झाला, अजून पाणीसुद्धा मारलं नाही' असा फोन येतो. अर्धी सुट्टी टाकून घरी थांबलेल्या माणसाला तर आपण कधी येणार यापेक्षा कधी जाणार हे जास्त हवं असतं.

काही जण हा वेळ मनातच धरतात, सव्वाबाराला पोचणार असले तरी एक वाजता सांगतात. मला ते पटत नाही. लवकर पोचलो तर घरात कुणी आंघोळीला, कुणी बाजारात, आणि त्या सोसायटीत तर 1 ची नोंद असताना सव्वाबाराला आत सोडणारच नाहीत.

दिवस पुढे सरकतो तशी मोकळीक वाढवावी लागते. पहिल्या घराला पंधरा मिनिटं, दुसऱ्याला अर्धा तास. तिसरं घर शेळगीला, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. होटगी रोडवरून 2:25 ते 3 मध्ये निघालो तर तिथे 3 ते 3:35, म्हणून मेसेज '3 ते 3:45'. पण '10 ते 2 मध्ये येऊ' असं मात्र लिहू नका. त्यावर कुणी घरी थांबत नाही, आणि माझ्या मते थांबूही नये.

आधीच्या घरी ट्रायल सुरू झाली की मुलगा मला मिस कॉल देतो आणि मी पुढच्या घरी 'वीस मिनिटांत निघतोय' असं कळवते. गॅस कमी निघाला तर तो या वेळेत बसवायचा नाही. गळती शोधणं आणि गॅस भरणं हे वेगळं काम आहे, त्याला वेगळा दिवस द्यायचा.

माझी जाऊ घरोघरी जाऊन पार्लरचं काम करते, तिलाही हेच करायला सांगितलं. तिची मांडामांड वेगळी: वॅक्स हीटर तापायला लागणारा वेळ, खुर्ची उजेडाकडे घेणं, चादर, टॉवेल. तिने दारात शिरल्यापासून पहिली पट्टी ओढेपर्यंतचा वेळ काही घरी घड्याळ लावून मोजला आणि त्यातला मोठा आकडा मेसेजमध्ये टाकला. तुमच्या कामातही तसाच मोजा, अंदाजाने लिहू नका.