फाटरमधला 'ट' आणि ब्रूडरमधला 'ड'

पुण्यात मी जर्मन शिकवते. कुटुंबाचा धडा म्हणजे सगळ्यात सोपा तास, असं मी समजून होते. फळ्यावर फाटर, मुटर, ब्रूडर, श्वेस्टर, टॉख्टर लिहिलं आणि वळले, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इंग्रजीत फादर, मदर, ब्रदर तिन्हीकडे एकच व्यंजन आहे. संस्कृतात पिता, माता, भ्राता, तिथेही तिन्हीकडे 'त'. मग जर्मनमध्ये बापाला नि आईला 'ट', आणि भावालाच 'ड' का?"

एरवी असल्या प्रश्नाला "पाठ करा" म्हणून सुटता येतं. हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकातल्या भाषाशास्त्रज्ञांनाही छळून गेला होता.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 साली नियम मांडला होता, की संस्कृत, इंग्रजी, जर्मन या सगळ्या जिच्यातून आल्या त्या मूळ भाषेतला 'प' जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत 'फ' होतो आणि 'त' चा इंग्रजी 'थ्री'मधल्यासारखा घर्षक 'थ' होतो. म्हणून पिता–फादर, म्हणून त्रि–थ्री. भाऊ या नियमात नीट बसतो. जुन्या इंग्रजीत तो 'ब्रोथोर' आहे. पण त्याच जुन्या इंग्रजीत बाप 'फॅडर' आणि आई 'मोडोर'. नियमाने 'थ' हवा तिथे 'ड'. अपवाद इतके होते, की त्यांना अपवाद म्हणायचीच लाज वाटावी.

हे सांगून मी वर्गातल्या एका काकांकडे वळले. नातवंडं जर्मनीत, म्हणून ते या वयात शिकायला आलेले. लहानपणी ऋग्वेद शिकले होते, हे मला माहीत होतं. म्हटलं, "काका, पहिल्या सूक्तातली शेवटची ऋचा म्हणाल का?"

ते जरा बावरले, मग म्हणाले, "स नः पितेव सूनवे…" त्यांना 'पितेव'वर थांबवलं आणि विचारलं, उदात्त कुठे?

"'ते'वर. 'पि' अनुदात्त, खाली रेघ असते."

म्हणजे 'पिता'चा जोर 'ता'वर. स्वर दाखवणारा कोश काढून बाकीचे शब्द पाहिले. 'माता'चा जोरही 'ता'वर, पण 'भ्राता'चा पहिल्या 'भ्रा'वर. वर्गात कुणीतरी "अच्छा!" म्हणालं.

कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1877 साली छापलेल्या लेखात हेच दाखवलं. 'थ'च्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर असेल तर 'थ' तसाच राहतो. नसेल तर तो मऊ, घोष होतो आणि पुढे 'ड' बनतो. 'भ्रा'वर जोर, म्हणून 'थ' टिकला. 'पि' आणि 'मा' यांवर जोर नाही, म्हणून तिथे 'ड'. नंतर जर्मानिक भाषांनी जोर सरसकट पहिल्या अक्षरावर आणला आणि कारण पुसलं गेलं. परिणाम तेवढा उरला. ते पुसलेलं कारण वैदिक स्वरांत सापडलं.

पुढे जर्मनमध्ये आणखी एक सरक झाली: 'ड' चा 'ट' आणि 'थ' चा 'ड'. म्हणून फाटर, मुटर आणि ब्रूडर. इंग्रजीत उलट फॅडर-मोडोरचा 'ड'ही नंतर ब्रदरसारखाच उच्चारला जाऊ लागला आणि भेद बुजला. त्या मुलीला इंग्रजीत तिन्ही सारखे दिसतात ते त्यामुळे. ते सारखेपण जुनं नाहीच.

"मग टॉख्टर? दुहितामध्येही जोर 'ता'वर आहे," काका कोशात बोट ठेवून म्हणाले. प्रश्न अगदी योग्य होता. पण तिथे 'त' हा 'क'सारख्या व्यंजनाला चिकटलेला होता, आणि अशा जोडाक्षरात 'त' मुळी बदलतच नाही. अष्ट आणि जर्मन 'आख्ट' पाहा. म्हणजे फाटरचा 'ट' दोनतीन वेषांतरं करून आलेला, तर टॉख्टरचा 'ट' मूळचाच. आणि श्वेस्टरचा? बहिणीच्या संस्कृत 'स्वसृ' या शब्दात 'त' आहेच कुठे? 'स' आणि 'र' एकत्र आले की उच्चारताना मध्ये 'त' डोकावतो, तो तिथे कायमचा बसला. फळ्यावरच्या शब्दांत 'ट' सारखे दिसत होते, पण त्यांच्या जन्मकथा वेगळ्या.

उरलेला वेळ अनियमित क्रियापदांना दिला. श्नायडन म्हणजे कापणे, आणि कापलेलं ते गेश्निटन. मुलं हा 'ड'–'ट' रट्टा मारून शिकतात. इथेही तेच आहे. वर्तमानकाळात जोर धातूवर होता, कृदन्तात प्रत्ययावर, जसा संस्कृत 'छिन्न'मध्ये शेवटच्या 'न'वर असतो. लायडन म्हणजे सोसणे, त्याचं लायडन–गेलिटन तसंच. पण घोड्यावर बसण्याच्या रायटन–गेरिटनमध्ये दोन्हीकडे 'ट', कारण तिथे मुळात 'थ' नव्हताच. इंग्रजी 'राइड'चा 'ड' पाहिला की ते कळतं.

ती मुलगी वहीत क्रियापदांचे दोन रकाने आखत होती. "म्हणजे इंग्रजीत 'वॉज' आणि 'वेअर' हेपण यातलंच?" तिने विचारलं.

हो. 'वेअर'मध्ये 'स' चा आधी 'झ' झाला आणि मग 'र'.