डोक्यामागचा खांब: ग्रेनपाशी अडलेलं काम पुढे सरकलं

आजोबांच्या जुन्या फोटोत त्यांच्या डोक्यामागून दिव्याचा खांब वर गेला आहे. वरचा भाग आकाशावर, खालचा भिंतीवर. मागच्या वेळी क्लोन स्टॅम्पने तो काढला, पण जागी गुळगुळीत पट्टा उरला. मऊ कडेच्या ब्रशने एकावर एक हात फिरवत गेलो, आणि दोन ठिकाणचे ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, एकमेकांत मिसळले की त्यांची सरासरी होते. दाणा विरघळतो.

या वेळी काम दोन थरांत केलं. आधी १६ बिट स्कॅनवर फक्त टोन भरला, मुद्दाम ग्रेनशिवाय. मग वर करड्या रंगाचा वेगळा लेअर, Linear Light मोडमध्ये, आणि त्यात Add Noise (Gaussian, Monochromatic). कच्चा नॉइज मात्र फिल्मसारखा दिसत नाही. त्यात प्रत्येक पिक्सेल सुटा असतो, तर माझ्या स्कॅनमध्ये दाण्यांचा पुंजका साधारण ३ पिक्सेलचा आहे. म्हणून ०.७ पिक्सेलचा Gaussian Blur दिला. त्याने नॉइजचा जोर निम्म्याहून खाली येतो, त्यामुळे प्रमाण पुन्हा वाढवावं लागलं.

किती वाढवायचं, हे डोळ्यावर सोडलं नाही. सपाट जागी ६० बाय ६० पिक्सेलचा चौकोन निवडून हिस्टोग्राममधला Std Dev, म्हणजे टोन किती वरखाली होतो ते सांगणारा आकडा, पाहिला. आकाशात २.४, भिंतीवर ६.१! चौकोनात टोन उतरत असेल तर आकडा उगाच फुगतो, म्हणून जागा खरोखर सपाट हवी.

हा फरक का, ते कळल्यावर सगळं सोपं झालं. निगेटिव्हमधला ग्रेन प्रिंटवर येतो तो कागदाच्या टोनल कर्व्हमधून. मधल्या करड्यात कर्व्ह उभा असतो, तिथे ग्रेन ताणला जातो. पांढऱ्याजवळ तो आडवा पडतो, तिथे दबतो. ० काळा ते २५५ पांढरा या मापावर भिंत ११८ वर आहे, आकाश २१० वर. एकच ग्रेन दोन्हीकडे टाकला तेव्हा आकाश सँडपेपरसारखं झालं होतं. आता ग्रेन लेअरला मास्क लावून आकाशात त्याचा जोर कमी केला, तोही हळूहळू उतरता ठेवून.

कॉन्ट्रास्टचा कर्व्हज लेअर या सगळ्याच्या वर ठेवा, खाली नाही. वर असला की पुढे तो कितीही बदलला तरी खरा ग्रेन आणि भरलेला ग्रेन सारखेच ताणले जातात. छापाचा काळा मुळातच ३४ पर्यंत विटलेला आहे, तेव्हा पॅचमध्ये त्याहून गडद काही नको. तसं झालं तर तेवढाच तुकडा नवा दिसतो.

तपासायला अगदी उभा कर्व्ह तात्पुरता चढवला. खांबाची फिकट सावली लगेच आकाशात उमटली, जेमतेम ३ पातळ्यांनी उजळ. साध्या नजरेला ती दिसत नव्हती. टोनच्या थरात ती बुजवली.

टोपीची कड अजून बाकी आहे. तिथे खांब कापडाच्या पुसट रेषेला चिकटला आहे, आणि ती रेषा खऱ्या फोटोइतकीच धूसर ठेवायची आहे.